सबटायटलचा आकार आणि काळी पट्टी: दोन्ही एकाच हिशोबाने कशा जुळवाव्यात

गिरगावातल्या चाळीत आत्याची खोली दहा बाय बाराची आहे. टीव्ही समोरच्या भिंतीवर आहे आणि तिची कॉट दाराला लागून, त्यामुळे पडदा आणि तिचे डोळे यांच्यात जवळजवळ दहा फुटांचे अंतर पडते. अलीकडे तिला कमी ऐकू येऊ लागल्यामुळे चित्रपट पाहताना ती मराठी सबटायटल्सवरच अवलंबून असते. लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडून मी पहिल्यांदा चित्रपट लावला, तेव्हा दहा मिनिटांतच ती म्हणाली, "अक्षरं दिसतात रे, पण वाचून होईपर्यंत पुसली जातात." मी अक्षरे मोठी केली. मग दोन ओळींच्या संवादातली वरची ओळ चित्रावर चढली आणि खालची ओळ काळ्या पट्टीत राहिली. गोऱ्या चेहऱ्यावर किंवा पांढऱ्या भिंतीवर आलेली वरची ओळ तिला आणखीच वाचता येईना.

सबटायटल बारीक असणे आणि सबटायटल पट्टीच्या काठावर अर्धवट बसणे या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, परंतु त्या एकाच मोजमापातून निर्माण होतात. पट्टी किती उंच आहे आणि तिच्यात किती ओळी बसवायच्या आहेत, हे ठरल्याशिवाय अक्षरांचा आकार ठरवता येत नाही. म्हणून हा लेख एकाच उदाहरणाभोवती ठेवला आहे: रुंद पडद्याचा चित्रपट, नेहमीच्या आकाराचा टीव्ही किंवा लॅपटॉप, आणि वेगळ्या फाइलीत असलेली मराठी सबटायटल्स.

आधी पाहावे: पट्टी कोणाची आहे?

आजचे बहुतेक टीव्ही १६:९ या प्रमाणाचे असतात. रुंदी १९२० ठिपके असेल तर उंची १०८० ठिपके असते. रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट मात्र २.३९ किंवा २.४० ला १ अशा प्रमाणाचा असतो, म्हणजे १९२० रुंदीला त्याची उंची सुमारे ८०० ठिपकेच भरते. उरलेले २८० ठिपके वर १४० आणि खाली १४० असे काळे राहतात. पडद्यावर दिसणारी काळी पट्टी ती हीच.

ही पट्टी दोन प्रकारे आलेली असू शकते. पहिल्या प्रकारात फाइलीत फक्त १९२० गुणिले ८०० चे चित्र असते आणि उरलेली जागा प्लेअर स्वतः काळी ठेवतो. दुसऱ्या प्रकारात फाइलीतले चित्रच १९२० गुणिले १०८० चे असते आणि काळा रंग चित्राचाच भाग म्हणून नोंदलेला असतो. ब्ल्यू-रे डिस्कवरील चित्रपट याच पद्धतीने साठवलेले असतात. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण प्लेअरच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात प्लेअरला ती जागा रिकामी असल्याचे माहीत असते, तर दुसऱ्या प्रकारात तो त्या काळ्या रंगालाही चित्रच समजतो.

ओळखण्याची सोपी रीत अशी की, व्हिडिओ पूर्ण पडद्यावर न ठेवता लहान खिडकीत उघडावा. खिडकी चित्राच्याच आकाराची होऊन वर-खालची पट्टी नाहीशी झाली, तर पट्टी प्लेअरची होती. खिडकीतही ती कायम राहिली, तर ती फाइलीतच आहे. आकड्यांत खात्री करायची असल्यास व्हीएलसी या प्लेअरमध्ये `Ctrl+J` दाबावे आणि उघडलेल्या यादीत `Video resolution` समोरचा आकडा वाचावा. त्याच यादीत `Buffer dimensions` असा दुसराही आकडा येतो आणि तो बहुधा थोडा मोठा असतो. तो प्लेअरच्या अंतर्गत कामाचा असल्यामुळे आपल्या हिशोबात धरू नये.

त्याच यादीत सबटायटलचा प्रकारही पाहून घ्यावा. `Text subtitles` असे लिहिलेले असेल तर काम सोपे आहे, कारण अशा सबटायटलमध्ये फक्त मजकूर आणि वेळा असतात. अक्षरे केवढी आणि कुठे काढायची हे प्लेअर ठरवतो, म्हणजेच आपण ठरवू शकतो. `.srt` फाइल याच जातीची असते. डिस्कवरून आलेली काही सबटायटल्स मात्र अक्षरे नसून अक्षरांची लहान चित्रे असतात. चित्र ताणले की ते फाटल्यासारखे दिसते आणि त्याचा फाँट बदलता येत नाही, त्यामुळे अशा वेळी त्याच चित्रपटाची `.srt` फाइल मिळवणे हाच बरा मार्ग आहे. सबटायटल बंद केल्यावरही अक्षरे पडद्यावरून जात नसतील, तर ती व्हिडिओच्या चित्रातच छापलेली आहेत आणि त्यांचे कोणत्याही प्लेअरमध्ये काही करता येत नाही.

व्हीएलसी कुठवर पुरतो

बहुतेकांच्या संगणकावर व्हीएलसी आधीपासून असतो, म्हणून सुरुवात त्यापासून करावी. `Tools` मधून `Preferences` उघडावे आणि `Subtitles / OSD` या भागात जावे. तेथे `Font size` समोर `Smaller` पासून `Larger` पर्यंतचे पर्याय मिळतात. `Large` निवडून `Save` दाबावे, प्लेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि मगच परिणाम पाहावा, कारण चालू असलेल्या व्हिडिओवर हा बदल लगेच दिसेलच असे नाही. अनेक जण येथेच फसतात: बदल दिसला नाही म्हणून आणखी मोठा आकार निवडतात आणि पुढच्या वेळी अर्धा पडदा अक्षरांनी भरलेला सापडतो.

त्याच पानावर `Force subtitle position` समोर ठिपक्यांचा आकडा घालता येतो आणि आकडा वाढवला की सबटायटल वर सरकते. पट्टी फाइलीतच असेल आणि अक्षरे काठावर अडकत असतील, तर येथे एवढा मोठा आकडा द्यावा की दोन्ही ओळी पूर्णपणे चित्रावर येतील. दोन्ही ओळी एकाच प्रकारच्या पार्श्वभूमीवर असणे हे एक ओळ काळ्यावर आणि एक चित्रावर असण्यापेक्षा निश्चितच वाचनीय असते.

परंतु पट्टी प्लेअरने घातलेली असेल, तर व्हीएलसीच्या सध्या रूढ असलेल्या तिसऱ्या मालिकेत सबटायटल चित्राच्या हद्दीतच राहते. खाली काळी जागा रिकामी दिसत असूनही अक्षरे तिच्यात उतरत नाहीत. आत्याला अक्षरे काळ्यावरच हवी होती, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उजळ चित्रावरची पांढरी अक्षरे तिला पसरल्यासारखी दिसतात. म्हणून मी एमपीव्ही या प्लेअरकडे वळलो. तो मोफत आहे, त्याची सगळी मांडणी एका साध्या मजकूर-फाइलीत करता येते, आणि पट्टीचा उपयोग कसा करायचा हे त्याला नेमके सांगता येते. त्यात मेनू फारसे नसल्यामुळे पहिल्या दिवशी तो परका वाटतो, पण या एका कामासाठी मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो.

मोजमाप

एमपीव्हीमध्ये अक्षरांचा आकार ठरवताना तो पडद्याची उंची ७२० आहे असे धरतो आणि मग खऱ्या पडद्याच्या प्रमाणात अक्षरे मोठी करतो. त्यामुळे टीव्ही साधा असो वा फोर-के, आपला आकडा तोच राहतो. आपणही सगळा हिशोब ७२० च्याच मापात करू या, म्हणजे गोंधळ होणार नाही.

उंची ७२० तर रुंदी १२८०. चित्रपट २.४० ला १ असेल तर चित्राची उंची १२८० भागिले २.४०, म्हणजे ५३३. उरले १८७. ते वर आणि खाली समान वाटले गेले तर खालची पट्टी ९३ ची होते. पडद्याच्या अगदी खालच्या कडेपासून २० ची मोकळी जागा ठेवली, तर अक्षरांसाठी ७३ उरतात. मराठी संवाद बहुधा दोन ओळींचा असतो, म्हणून ७३ चे दोन भाग केले की प्रत्येक ओळीला ३६ मिळतात. एमपीव्हीत ओळीची उंची ही जवळपास अक्षरांच्या आकाराच्या आकड्याएवढीच असते, म्हणजे ३६ पेक्षा मोठा आकडा दिला की दोन ओळींपैकी वरची ओळ चित्रावर चढणारच. काठावर अडकलेल्या सबटायटलचे कारण एवढेच आहे.

आता ३६ म्हणजे प्रत्यक्षात केवढे, तेही पाहावे. आत्याचा टीव्ही ३२ इंची आहे. इंचांतले हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असते; पडद्याची उभी उंची साधारण ४० सेंटिमीटर भरते. ४० सेंटिमीटरांत ७२० भाग, म्हणून ३६ भागांची ओळ दोन सेंटिमीटरांची झाली. या दोन सेंटिमीटरांत वरची वेलांटी, मात्रा, रफार, खालचा उकार आणि त्यांच्या वर-खालची मोकळी जागा असे सगळे येते. शिरोरेषेपासून खालचे मूळ अक्षर त्याच्या निम्म्याच्या आसपासच राहते. एमपीव्ही फाँटची संपूर्ण उंची दिलेल्या आकड्यात बसवतो, आणि देवनागरी फाँटमध्ये मात्रांसाठी वर-खाली बरीच जागा राखलेली असते. म्हणूनच एकाच आकड्याला इंग्रजी सबटायटल ठसठशीत आणि मराठी सबटायटल बारीक दिसते. इंग्रजीसाठी लिहिलेल्या सूचनांमधले आकडे मराठीला जसेच्या तसे का चालत नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

थोडक्यात, चित्र मध्यभागी ठेवले तर पट्टीत मावतील अशी अक्षरे दहा फुटांवरून वाचण्यासाठी फार लहान ठरतात, आणि वाचता येतील अशी अक्षरे पट्टीत मावत नाहीत.

यावरची तोड अशी की, चित्रच वर सरकवावे. चित्र पडद्याच्या वरच्या कडेला टेकवले की वरची पट्टी नाहीशी होते आणि संपूर्ण १८७ ची जागा खाली एकवटते. वजा २०, उरले १६७. दोन ओळींसाठी प्रत्येकी ८३ आणि तीन ओळींसाठी प्रत्येकी ५५. चित्राचा आकार तसूभरही कमी होत नाही, ते फक्त थोडे वर बसते. पहिली पाच मिनिटे डोळ्यांना हे जाणवते. नंतर आत्याने तर एकदाही त्याचा उल्लेख केला नाही.

प्रत्यक्ष मांडणी

एमपीव्ही त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून, म्हणजे `mpv.io` येथून सुरुवात करून घ्यावा. विंडोजवर तो बहुधा `.zip` किंवा `.7z` अशा दाबून लहान केलेल्या फाइलीच्या रूपात येतो. ती एखाद्या फोल्डरात उलगडावी. चित्रपटाची फाइल उचलून `mpv.exe` वर सोडली की चित्रपट सुरू होतो, आणि `f` ही कळ दाबली की तो पूर्ण पडद्यावर जातो. सबटायटलची फाइल त्याच फोल्डरात ठेवावी आणि तिचे नाव चित्रपटाच्या नावाशी अक्षरशः जुळवावे. चित्रपट `sinema.mkv` असेल तर सबटायटल `sinema.srt` असावे, म्हणजे प्लेअर ते आपणहून उचलतो.

यानंतर मांडणीची फाइल तयार करायची आहे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पत्त्याच्या रकान्यात `%APPDATA%` असे लिहून एंटर दाबावे. उघडलेल्या फोल्डरात `mpv` नावाचा नवा फोल्डर करावा, आधीपासून असेल तर तोच वापरावा. त्यात `mpv.conf` या नावाची फाइल ठेवायची आहे. लिनक्स आणि मॅकवर हीच फाइल `~/.config/mpv/` येथे ठेवतात. नोटपॅड उघडून पुढील ओळी लिहाव्यात:

```
video-align-y=-1
sub-use-margins=yes
sub-font="Nirmala UI"
sub-font-size=50
sub-margin-y=20
```

पहिली ओळ चित्राला वरच्या कडेला टेकवते. तेथे `1` लिहिल्यास चित्र खाली जाते आणि `0` लिहिल्यास मध्यभागी राहते. दुसरी ओळ सबटायटलला काळ्या पट्टीत उतरण्याची मुभा देते. ती मुळातच चालू असते, तरीही लिहून ठेवलेली बरी, म्हणजे पुढे काही बिघडल्यास शंकेला जागा राहत नाही. तिसऱ्या ओळीत विंडोजसोबत येणाऱ्या आणि देवनागरी असलेल्या फाँटचे नाव आहे. दुसरा आवडता मराठी फाँट असल्यास त्याचे नाव तेथे घालावे, मात्र ते फाँटच्या यादीत दिसते तसेच्या तसे लिहावे. उरलेल्या दोन ओळी आकार आणि खालची मोकळी जागा ठरवतात.

जतन करताना नोटपॅडच्या `Save as type` मध्ये `All files` निवडणे विसरू नये. अन्यथा फाइल गुपचूप `mpv.conf.txt` होते आणि प्लेअर तिच्याकडे पाहतही नाही. मांडणी लिहिली पण पडद्यावर काहीच बदलले नाही, विशेषतः चित्र वर सरकले नाही, तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असते.

आता योग्य आकडा शोधायचा. तो लॅपटॉपसमोर बसून ठरवू नये. वाचणारी व्यक्ती जेथे बसते तेथून ठरवावा. चित्रपट टीव्हीवर पूर्ण पडद्यावर लावून, एखाद्या दोन ओळींच्या संवादावर स्पेसबार दाबून तो थांबवावा. मग शिफ्टसह `G` दाबावे. प्रत्येक वेळी अक्षरे मूळ आकाराच्या एक दशांशाने वाढतात आणि पडद्यावर 1.1, 1.2 असा गुणक दिसतो. शिफ्टसह `F` दाबल्यास ती तेवढीच कमी होतात. कॉटवरून "आता आलं" असे उत्तर येईपर्यंत वाढवत जावे. आत्याने 1.3 ला होकार दिला. मूळ आकडा ५० होता, म्हणून ५० गुणिले १.३, म्हणजे ६५. हे कळांनी केलेले बदल पुढच्या चित्रपटाला टिकत नाहीत, म्हणून फाइलीत `sub-font-size=65` असे लिहून ती पुन्हा जतन केली.

६५ च्या दोन ओळी म्हणजे १३०, आणि खालचे २० धरून १५०. खालची पट्टी १८७ ची आहे, म्हणजे वर ३७ ची मोकळी जागा राहते आणि अक्षरे चित्राला शिवतही नाहीत. ३२ इंची टीव्हीवर ही ओळ सुमारे साडेतीन सेंटिमीटरांची झाली. मी आधी ८० घालून पाहिले होते, कारण हिशोबाप्रमाणे ८३ पर्यंत मुभा होती. पण अक्षरे रुंदीतही वाढतात, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. लांब वाक्ये दोन ओळींत मावेनाशी झाली, प्लेअरने त्यांच्या तीन ओळी केल्या, आणि तिसरी ओळ पुन्हा चित्रावर गेली. ६५ वरही क्वचित तीन ओळी होतात आणि तेव्हा सर्वांत वरची ओळ पट्टीबाहेर थोडी डोकावते. तेवढे आम्ही चालवून घेतले आहे. हे मुळीच नको असेल तर ५५ वर थांबावे, कारण त्या आकाराच्या तीन ओळीही पट्टीत बसतात.

आणखी एक बारीकशी, पण मराठीत काम करणाऱ्यांना हमखास नडणारी बाब: लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर असेल तर `G`, `F` किंवा `f` दाबून काहीच घडत नाही, कारण प्लेअरला इंग्रजी अक्षर मिळतच नाही. कळा बिघडल्या असे समजण्याआधी कीबोर्डची भाषा इंग्रजी करून पाहावी.

पट्टी फाइलीतच असेल तर

वरची मांडणी करूनही चित्र जागचे हलले नाही आणि `mpv.conf` चे नावही बरोबर आहे, तर पट्टी फाइलीतच असण्याचा संभव मोठा असतो. फाइल १०८० उंचीची असल्यामुळे प्लेअरच्या मते ती पडदा पूर्ण भरते आणि सरकवण्यासारखे काही उरत नाही. अशा फाइलीतून काळा भाग आधी कापावा लागतो. हे कापणे फक्त दाखवण्यापुरते असते. मूळ फाइलीला काहीही होत नाही.

त्यासाठी पट्टीचे नेमके माप हवे. उजळ प्रसंगावर चित्रपट थांबवून शिफ्टसह `S` दाबावे, म्हणजे सबटायटलविना छायाचित्र जतन होते. ते डेस्कटॉपवर किंवा एमपीव्ही ज्या फोल्डरातून सुरू केला त्या फोल्डरात सापडते. ते पेंटमध्ये उघडून चित्राच्या वरच्या काठावर माऊसचा बाण न्यावा. खाली कोपऱ्यात दोन आकडे दिसतात, त्यांतला दुसरा आकडा म्हणजे वरच्या पट्टीची उंची. तसाच खालचा काठ वाचावा. वरचा काठ १४० आणि खालचा ९४० आला, तर चित्राची उंची ८०० झाली. अंधाऱ्या प्रसंगावरून माप घेऊ नये, कारण तेथे रात्रीचे आकाश आणि काळी पट्टी यांतली सीमा कळत नाही आणि चित्राचा खरा भाग कापला जातो.

हे माप त्या एका चित्रपटापुरतेच खरे असल्यामुळे ते सर्वसाधारण `mpv.conf` मध्ये लिहू नये. तेथे लिहिले तर पुढचा प्रत्येक व्हिडिओ कापला जाईल. ज्या फोल्डरात `mpv.exe` आहे तेथे कमांडची खिडकी उघडून चित्रपट असा सुरू करावा, आणि अवतरणांत आपल्या फाइलीचा पूर्ण पत्ता घालावा:

```
mpv --video-crop=1920x800+0+140 "D:\sinema.mkv"
```

येथे आधी रुंदी आणि उंची, नंतर डावीकडून सोडायची जागा आणि शेवटी वरून सोडायची जागा असा क्रम आहे. ही सोय एमपीव्हीच्या 0.36 या आवृत्तीपासून आहे. त्याहून जुन्या आवृत्तीत ही आज्ञा ओळखली जात नाही आणि चित्रपट सुरूच होत नाही. कापल्यानंतर प्लेअरला चित्र ८०० उंचीचे दिसते, ते वर टेकते, आणि आधीचा सगळा हिशोब जसाच्या तसा लागू होतो. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. काही चित्रपटांत मोजके प्रसंग पूर्ण उंचीचे असतात, तेथे पट्टी मध्येच नाहीशी होते. असे चित्रपट कापल्यास त्या प्रसंगांचे वरचे आणि खालचे भाग गमावले जातात, म्हणून ते न कापता अक्षरे चित्रावर ठेवणेच योग्य.

पट्टी नसेल किंवा फार बारीक असेल तर

१.८५ ला १ या प्रमाणाच्या चित्रपटात ७२० च्या मापाने दोन्ही पट्ट्या मिळून २८ च भरतात. त्यात एक ओळही बसत नाही. १६:९ मधल्या मालिकांत तर पट्टीच नसते. अशा वेळी `mpv.conf` मध्ये पुढील ओळ घालून, चित्र थोडे लहान करून खाली जागा निर्माण करता येते:

```
video-margin-ratio-bottom=0.2
```

ही ओळ पडद्याचा खालचा पाचवा भाग, म्हणजे १४४, सबटायटलसाठी राखते. २० वजा जाता १२४ उरतात, म्हणजे दोन ओळींना ६२ पर्यंतचा आकडा देता येतो. याची किंमत मात्र चुकवावी लागते: चित्र उंचीत आणि रुंदीतही आकसते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा दिसू लागते. ३२ इंची टीव्हीवर मला हे पटत नाही; तेथे मी चित्र पूर्ण ठेवतो आणि अक्षरे चित्रावरच येऊ देतो, कारण एमपीव्ही अक्षरांभोवती काळी कडा काढतो आणि निरोगी डोळ्यांना ती पुरते. आत्यासाठी मात्र मी ही ओळ घालतो.

मांडणी बरोबर असूनही काही चुकले तर

टीव्हीवर सबटायटलची खालची ओळ अर्धी कापलेली दिसली, पण लॅपटॉपच्या पडद्यावर ती पूर्ण दिसत असेल, तर दोष प्लेअरचा नाही. अनेक टीव्ही बाहेरून आलेले चित्र किंचित मोठे करून त्याच्या कडा पडद्याबाहेर ढकलतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये `Just Scan`, `Screen Fit` किंवा `1:1` यांसारखा पर्याय शोधून तो निवडावा. आत्याच्या टीव्हीवर उकार नेहमी गायब होत असत आणि मी आधी फाँटलाच दोष देत होतो. या एका पर्यायाने ते परत आले. तसा पर्याय सापडलाच नाही, तर `sub-margin-y` चा आकडा २० वरून ४० करावा आणि अक्षरांचा आकार त्याप्रमाणे पुन्हा मोजावा: १८७ वजा ४० म्हणजे १४७, भागिले दोन म्हणजे ७३.

आकाराचा आकडा बदलूनही अक्षरे तशीच राहत असतील, तर सबटायटल `.ass` प्रकारचे असण्याची शक्यता असते. या प्रकारात फाँट, आकार, रंग आणि जागा सबटायटल तयार करणाऱ्याने आत लिहून ठेवलेली असते आणि प्लेअर त्या मांडणीचा मान राखतो. चित्रपट चालू असताना `u` ही कळ दाबली की प्लेअर ती मांडणी बाजूला सारून आपली मांडणी लावतो आणि अक्षरे पट्टीत उतरतात. दुकानाच्या पाटीवर किंवा पत्रावर नेमक्या जागी ठेवलेले भाषांतर मग त्या जागेवरून हलून खाली येते, हा त्याचा तोटा आहे. ज्या फाइलीत अशी पाटीवरची भाषांतरे फारशी नसतील, तेथेच ही कळ वापरावी.

सबटायटल केवळ एखाद्या प्रसंगापुरते वर न्यायचे असेल, उदाहरणार्थ चित्रपटातच खाली दुसऱ्या भाषेतला मजकूर छापलेला असेल, तर `r` दाबून ते थोडे थोडे वर सरकवता येते आणि शिफ्टसह `R` दाबून खाली आणता येते. हे सरकवणे पडद्याच्या उंचीच्या शंभराव्या भागाच्या पावलांनी होते, म्हणून दहा-बारा वेळा दाबावे लागते. प्रसंग संपला की तितक्याच वेळा उलट दाबावे, नाहीतर उरलेला चित्रपट सबटायटल पट्टीच्या काठावर अडकलेलेच राहील.